आठ दिवस उत्तर नाही; तिघांना तीन भाषांत आठवण कशी करून द्यायची?

रेवा_शिरोली
मंडळी, शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचं ऑफिस सांभाळते. ओतकाम शेजारच्या फाउंड्रीत, मशीनिंग आमच्याकडे. एका पंप कंपनीला हाऊसिंगचे १२ नमुने पाठवले आणि त्याच दिवशी सविस्तर मेल टाकला. मेल तिघांना होता: पुण्यातले खरेदीचे साहेब, इंदूरच्या प्लांटमधले स्टोअरवाले, कोइंबतूरचे डिझाइन इंजिनिअर. पुणेकर मराठीत लिहितात, इंदूरवाले हिंदीत, कोइंबतूरकरांचं इंग्रजीशिवाय चालत नाही. आज आठ दिवस झाले, तिघांकडूनही चकार शब्द नाही. मालक म्हणतात, "तगादा लाव." मला तगादा लावायचा नाही, पण उत्तर हवंय. हा मसुदा केलाय, तिन्ही भाषांत एकाच मेलमध्ये, एकाखाली एक:

मराठी: "आपणांस कळविण्यात येते की आमच्या ई-मेलला आपण अद्याप उत्तर दिलेले नाही. तरी कृपया त्वरित उत्तर द्यावे."
हिंदी: "आपने अभी तक हमारे मेल का उत्तर नहीं दिया है। कृपया तुरंत उत्तर दें।"
इंग्रजी: "यू हॅव नॉट रिप्लाइड टू अवर मेल. काइंडली रिव्हर्ट अ‍ॅट द अर्लिएस्ट."

मला तर हे नम्रच वाटतंय, सगळीकडे कृपया आहे. पण मैत्रीण म्हणाली, "हे वाचून मला बँकेची नोटीस आल्यासारखं झालं." काय बदलू?

बिंदूचौक_बाळू
'कळविण्यात येते' वाचून मी खुर्चीत सरळ बसलो बघा. आता घराला सील लागणार असं वाटलं.

कॉर्पोरेट_कट्टेकरी
सोपं आहे. विषयात 'जेंटल रिमाइंडर' टाका, खाली जुना मेल फॉरवर्ड करा, विषय संपला. आम्ही रोज असे दहा पाठवतो. तरी हललं नाही तर विषयात 'अर्जंट' आणि त्यांच्या साहेबांना सीसी.

बिंदूचौक_बाळू
@कट्टेकरी, भावा, आमच्या ऑफिसात 'जेंटल रिमाइंडर ४' असा विषय असलेला मेल आला होता. चौथ्या खेपेला कसला रं जेंटल?

हुपरीवाला
ताई, पैशाच्या बाबतीत लाजायचं काम नाही. आमचा चांदीचा धंदा, माझेही एका व्यापाऱ्याकडे चार महिने अडकलेत. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर सरळ लिहा की २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. बघा कसे पळत येतात.

रेवा_शिरोली
दादा, पैसे नाही अडकलेत हो. अजून बिलच केलेलं नाही. नमुन्यांवर त्यांचा होकार हवाय.

हुपरीवाला
अस्सं होय. मी 'तगादा' एवढंच वाचलं आणि सुटलो. पण नमुन्याचं पण बिल करत जा.

निवृत्त_खरेदीकाका
रेवाताई, मी सव्वीस वर्षं खरेदी खात्यात काढली, म्हणजे असे मेल ज्याच्याकडे येतात त्या खुर्चीत. शब्दांचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी सांगा. तिघांची नावं 'टू' मध्ये होती की काही सीसीत? पहिल्या मेलमध्ये नेमकं काय विचारलं होतं आणि ते कितव्या ओळीत होतं? आणि मेल कुठल्या दिवशी टाकला?

रेवा_शिरोली
काका, तिघंही 'टू' मध्येच. मेल होळीच्या आदल्या दिवशी गेला. त्यात आधी नमुन्यांची माहिती, मग ट्रान्सपोर्टची पावती, मग मोजमापाचा अहवाल, दर, दराची मुदत. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की १२ पैकी दोन नगांचा बेअरिंगचा बोअर थोडा मोठा आलाय, "तरी याबाबत आपला अभिप्राय कळवावा." ड्रॉइंगमध्ये ६२ मिलिमीटर, एच ७ आहे. म्हणजे ६२.०३ पर्यंत चालतं. दहा नग त्यात आहेत, दोन ६२.०४ भरले.

इंदूरचा_मराठी
होळीच्या आदल्या दिवशी! ताई, आमच्याकडे होळी, मग धुळवड, मग रंगपंचमीची गेर. रंगपंचमीला अर्धं इंदूर राजवाड्यासमोर असतं आणि उरलेलं अर्धं घरी अंघोळ करत असतं. तुमचे स्टोअरवाले त्या आठवड्यात मेल बघतील ही आशाच सोडा. मधला शनिवार-रविवार धरला तर तुमच्या आठ दिवसांत कामाचे जेमतेम तीन-चार निघतील.

बिंदूचौक_बाळू
आणि आपल्याकडे काय वेगळं हाय? रंगपंचमीला कोल्हापुरात कोण ऑफिसात हुतं? रेवाताई, तुम्ही होता काय? खरं सांगा.

रेवा_शिरोली
नव्हते. 🙈

निवृत्त_खरेदीकाका
आता नीट सांगतो, जरा लांबेल.

तुमच्या मेलला कुणी मुद्दाम उत्तर टाळलेलं नाही, असं मला ठामपणे वाटतं. तिघं 'टू' मध्ये असले की पुणेकर म्हणतो, बोअर हा डिझाइनचा विषय आहे. कोइंबतूरकराला वाटतं, पुरवठादाराशी खरेदीने बोलावं. इंदूरवाल्याला वाटतं, दोघं साहेब लोक आहेत, मी कशाला मध्ये तोंड घालू. मी स्वतः असे शेकडो मेल 'दुसरा बघेल' म्हणून सोडलेत. त्यात तुमचा खरा प्रश्न चौथ्या-पाचव्या परिच्छेदात, आणि तोही 'अभिप्राय कळवावा'. अभिप्राय म्हणजे माणसाला बसून विचार करून लिहावा लागतो. मार्च अखेर तोंडावर आली की बसून लिहायचं काम एप्रिलवर जातं.

म्हणून आठवणीच्या मेलमध्ये माणूस एक आणि प्रश्न एक. तोही असा की फोनवरून, चहा पिता पिता उत्तर देता यावं. तुमचा प्रश्न खरं तर एवढाच आहे: ते दोन नग ठेवायचे की परत पाठवायचे? हे फक्त कोइंबतूरकर सांगू शकतो. बेअरिंगची बाहेरची रिंग सैल बसली तर ती बोअरमध्ये फिरते आणि हाऊसिंग झिजवते, हे त्याला कळतं. पुणेकराकडे त्याचं उत्तरच नाही, त्याला कितीही गोड भाषेत विचारलंत तरी.

शब्दसखी_नागपूर
काकांशी सहमत, पण शब्दांचा विषय सोडू नका. मी हिंदी-मराठी अनुवाद करते, म्हणून थोडं सांगते.

रेवा, तुझ्या तिन्ही वाक्यांचा कर्ता बघ. 'आपण दिलेले नाही', 'आपने नहीं दिया', 'यू हॅव नॉट'. तिन्हीकडे समोरचा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. मागून कितीही कृपया लावलंस तरी तो तिथून खाली उतरत नाही. मराठीत 'उत्तर मिळालं नाही' म्हटलं की कर्ता नाहीसा होतो. हिंदीतही 'जवाब नहीं मिल पाया' म्हणता येतं, त्यात 'पाया'मुळे दोष परिस्थितीवर जातो. आणि खरं तर उत्तर आलं नाही हे सांगायचीच गरज नाही, त्यांना ते माहीत आहे. कामाचं सांग, बस.

दुसरं, एका भाषेतला नम्रपणा उचलून दुसरीत ठेवला की तो तसाच राहत नाही. मराठीत 'कृपया' वाचलं की मला 'कृपया येथे थुंकू नये' आठवतं. ती पाटीची भाषा आहे. आपण बोलताना नम्रपणा क्रियापदात ठेवतो: 'कळवाल का', 'कळवलंत तर बरं होईल'. हिंदीत 'कृपया' तेवढं खटकत नाही, पण तिथली खरी गोडी 'बता दीजिएगा'मध्ये आहे. 'दें' म्हणजे सूचना, 'दीजिए' म्हणजे विनंती, आणि 'दीजिएगा' म्हणजे सवडीने द्या, पण द्या. 'तुरंत' मात्र काढ. मराठीतलं 'त्वरित' कागदी असल्याने निदान पचतं, हिंदीत 'तुरंत' म्हणजे आत्ताच्या आत्ता.

गडहिंग्लजचा_गणू
हिंदीवरून आठवलं. मी नवीन असताना दिल्लीच्या गिऱ्हाइकाला 'तुम्ही'चं सरळ 'तुम' केलं. आपल्याकडे तुम्ही म्हणजे मान की! "तुम कब तक बताओगे" असं लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर पाच मिनिटांत आलं, पण मालकाला आलं. मालकांनी विचारलं, "गणू, ते काय तुझे मेव्हणे लागतात काय?"

इंदूरचा_मराठी
@गणू 😂 आणि उलटंही होतं. आमच्या एका साहेबांनी कोल्हापूरच्या पार्टीला लिहिलं, "यदि कोई आपत्ति हो तो बताइए." हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. तिकडून उत्तर आलं, "देवाच्या कृपेने कोणतीही आपत्ती नाही, पूर ओसरला आहे."

बिंदूचौक_बाळू
ते उत्तर देणारा शंभर टक्के शिवाजी पेठेतला.

टेबल_क्र_सात
मी सरकारी कार्यालयात आहे. रेवाताईंना एकच सांगतो, विषयात 'स्मरणपत्र' लिहू नका. आमच्याकडे स्मरणपत्र क्रमांक १, मग २, मग अर्धशासकीय पत्र असा जिना असतो. स्मरणपत्र आलं की टेबलावरचा माणूस आधी फाइल शोधत नाही, आपला बचाव शोधतो.

सुनंदा_मॅडम
मी इंग्रजी शिकवायचे. 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणे नव्हे, पूर्वीच्या स्थितीला परत जाणे. 'काइंडली' तर वरून आदेश आल्यासारखं वाटतं. हे दोन्ही शब्द काढून टाकावेत.

कॉर्पोरेट_कट्टेकरी
मॅडम, माफ करा, पण कोइंबतूरचा माणूस स्वतः दिवसाला वीस वेळा 'काइंडली रिव्हर्ट' लिहीत असणार. अर्ध्या भारताचं ऑफिस त्यावर चालतं. परदेशी पार्टी असेल तर तुमचं मान्य.

सुनंदा_मॅडम
सगळे लिहितात म्हणून ते बरोबर होत नाही.

कॉर्पोरेट_कट्टेकरी
चुकीचं असेल, पण उद्धट नाही. इथे प्रश्न उद्धटपणाचा आहे.

शब्दसखी_नागपूर
दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. माझी हरकत रिव्हर्टपेक्षा 'अ‍ॅट द अर्लिएस्ट'ला आहे. त्यात घाई आहे पण तारीख नाही. वाचणाऱ्याला कळत नाही की आज संध्याकाळ म्हणजे उशीर की पुढचा आठवडा म्हणजे लवकर. तारीख दिली की घाईचा शब्दच लागत नाही.

निवृत्त_खरेदीकाका
अगदी. आणि तारखेला कारण जोडा. नुसतं 'शुक्रवारपर्यंत कळवा' म्हणजे हुकूम. शुक्रवारी कळलं तर काय होईल आणि नाही कळलं तर काय होईल हे साध्या शब्दांत लिहिलं की ती माहिती होते, मग त्यानं काय करायचं ते त्याचं तो ठरवतो. रेवाताई, तुमचं पुढचं ओतकाम कधी आहे?

रेवा_शिरोली
शेजारची फाउंड्री सोमवारी ओतणार आहे. त्यात आमचा पॅटर्न लागला तर ठीक, नाहीतर पुढची पाळी आठवड्याने. पण त्याआधी बोअर कुठल्या मापाला धरायचा हे नक्की व्हायला हवं.

निवृत्त_खरेदीकाका
थांबा, इथे एक गफलत होतेय. बोअरचं अंतिम माप तुमच्या मशीनवर ठरतं. ओतताना फक्त मशीनिंगला पुरेसं मटेरियल सुटलं पाहिजे. मग सोमवारचं ओतकाम या उत्तरावर खरंच अडलंय का? खोटी घाई दाखवू नका. डिझाइनवाला ती लगेच ओळखतो आणि पुढच्या वेळी तुमच्या खऱ्या तारखेवरही विश्वास ठेवत नाही.

रेवा_शिरोली
आत्ता शॉपवर जाऊन मिस्त्रींना विचारून आले. काका, तुमचं बरोबर आहे, ओतकाम अडत नाही. अडतंय ते एवढंच, की त्यांनी ते दोन नग नाकारले तर बदली दोन नग सोमवारच्याच ओतकामात काढावे लागतील. तेव्हा शुक्रवार खरा आहे, पण कारण वेगळं.

निवृत्त_खरेदीकाका
मग तेच लिहा. खरं कारण नेहमी सोपं असतं.

रेवा_शिरोली
सगळ्यांचं वाचून पुन्हा लिहिलंय. आता तीन वेगळे मेल, जुन्याच मेलला उत्तर म्हणून, म्हणजे मागचं सगळं खाली दिसेल. विषय बदलला नाही. अहवालाचं तेवढंच एक पान पुन्हा जोडलंय, कारण काल बघितलं तर पहिल्या मेलला फोटो धरून २१ एमबीचं ओझं होतं.

कोइंबतूर ('टू' मध्ये एकटे, पुणे सीसीत): "डिअर सर, वन क्वेश्चन ऑन द पंप हाउसिंग सॅम्पल्स. इन टू ऑफ द ट्वेल्व्ह, द बेअरिंग बोअर इज ६२.०४. कॅन यू यूज दीज टू, ऑर शुड वी रिप्लेस देम? इफ वी नो बाय फ्रायडे, द रिप्लेसमेंट्स कॅन गो इन मंडेज पोअरिंग. आफ्टर दॅट, इट विल बी अ वीक लेटर."

इंदूर: "नमस्कार सर, होली और रंगपंचमी की शुभकामनाएँ। पंप हाउसिंग के १२ सैंपल आपके यहाँ पहुँच गए हों तो एक लाइन में बता दीजिएगा। ट्रांसपोर्ट की रसीद साथ में लगा रही हूँ।"

पुणे: "नमस्कार सर, १२ नमुन्यांपैकी दोन नगांच्या बोअरबद्दल कोइंबतूरला विचारलं आहे, तुम्हाला माहिती म्हणून सीसीत ठेवलं आहे. तुमच्याकडून फक्त एक हवं होतं: पाठवलेला दर ३१ मार्चपर्यंत धरला आहे, त्याआधी ऑर्डर निघेल असं वाटतं का? नसेल तर एप्रिलचा भंगाराचा भाव बघून नवा दर पाठवेन."

शब्दसखी_नागपूर
छान उतरलंय. पुण्याच्या मेलमध्ये 'आपण' न घालता 'तुम्ही' ठेवलंस ते मला आवडलं. 'आपण' लिहिलं असतंस तर 'आपण ठरवलं तर' म्हणजे ते ठरवणार की तुम्ही दोघं मिळून, असा घोळ झाला असता.

टेबल_क्र_सात
मला नाही पटलं. पहिल्याच व्यवहारातल्या साहेबांना 'आपण'च हवं. तुम्ही म्हणजे सलगी.

बिंदूचौक_बाळू
पुणेकराला 'आपण' म्हटलं तरी तो तक्रार करणार, 'तुम्ही' म्हटलं तरी करणार. आपलं उत्तर मिळालं म्हंजे बास.

इंदूरचा_मराठी
हिंदी मेल झकास. एकच, 'रसीद'ऐवजी आमचे स्टोअरवाले 'बिल्टी' म्हणतात. ट्रान्सपोर्टची बिल्टी. बिल्टी नंबर लिहिलात तर तो खुर्चीतून न उठता रजिस्टरात बघेल.

रेवा_शिरोली
घातला. पाठवले तिन्ही.

हुपरीवाला
इतक्या गोड मेलला माझा व्यापारी तर हसेल. पण एक उचललं, 'एक माणूस, एक प्रश्न'. मी आजवर बाप-लेक दोघांना एकत्रच मेसेज टाकत होतो.

रेवा_शिरोली (तिसऱ्या दिवशी)
खबर देते. कोइंबतूरचं उत्तर पाऊण तासात आलं, एका ओळीचं: दोन्ही नग बदलून द्या, बाकीचे दहा ठीक. आणि शेवटी, सुनंदा मॅडम, बसून वाचा, "काइंडली रिव्हर्ट विथ डिस्पॅच डेट." इंदूरहून उत्तर आलं की माल आठवड्यापूर्वीच आलाय, "त्योहार में रह गया, क्षमा कीजिएगा." दोन नगांचा निरोप फाउंड्रीला दिलाय, सोमवारी ओतले जातील.

पुणे अजून गप्प.

निवृत्त_खरेदीकाका
पुण्याला आता मेल नको. अकराच्या सुमारास फोन करा, दुपारी एकनंतर नाही.

शब्दसखी_नागपूर
दोनच दिवस झालेत, काका. दराची मुदत लिहून दिलीय, राहू दे की त्यांना.

निवृत्त_खरेदीकाका
मार्च आहे ताई. मी त्या खुर्चीत होतो.

बिंदूचौक_बाळू
फोन करा रेवाताई. फक्त 'जेंटल फोन' म्हणू नका.